लाईट गेल्यावर: इन्व्हर्टर बरा की ती नवी पेटी?

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत एकीने मोबाईलवर फोटो दाखवला. छोट्या सुटकेसएवढी पेटी, वर धरायला मूठ, पुढे चार-पाच सॉकेट आणि आकडे दाखवणारा पडदा. पोर्टेबल पॉवर स्टेशन. "आता इन्व्हर्टर कोण घेतंय गं? पाणी घालायची कटकट नाही, ॲसिड नाही, सोलरवर चार्ज होतं, कुठेही उचलून न्या," असं तिचं म्हणणं. दोघी-तिघींनी तिथेच ठरवलं की पावसाळ्याआधी घेऊन टाकायची.

मी गप्प बसले नाही, कारण ती पेटी माझ्या नणंदेच्या घरी वर्षभर आहे आणि तिच्या एका रात्रीची गोष्ट मला ठाऊक आहे. ती आधी सांगते, मग माझं मत.

वन्संच्या सासऱ्यांना फुफ्फुसाचा त्रास. रात्री झोपताना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. फ्लॅट भाड्याचा, घरमालक भिंतीला हात लावू देत नाही, म्हणून इन्व्हर्टरऐवजी त्यांनी सत्तर हजारांची पेटी घेतली. तिच्यावर १,००० वॅट-अवर लिहिलेलं होतं. हजार म्हणजे भरपूर, रात्र सहज निघेल, असं सगळ्यांना वाटलं. जुलैमधल्या एका रात्री बाराच्या सुमाराला लाईट गेली. पेटीने लगेच काम सुरू केलं, सगळे निर्धास्त झोपले. अडीच वाजायच्या आधीच पेटी शिट्ट्या मारायला लागली आणि मशीन बंद. घरात भरलेला छोटा सिलिंडर होता म्हणून निभावलं. पेटीत बिघाड काहीच नव्हता. जेवढं चालायला हवं होतं तेवढंच ती चालली. चूक हिशेबात होती, आणि तो हिशेब दुकानदाराने करून दिला नव्हता.

म्हणून आज तोच हिशेब करू. अवघड नाही. वीजबिलातलं युनिट आपल्या सगळ्यांना कळतं. १,००० वॅट-अवर म्हणजे बरोबर १ युनिट. १०० वॅटचा दिवा दहा तास जळला की १ युनिट होतं, तेच हे.

नळ आणि टाकी

घरात पाण्याची टाकी असते आणि नळ असतो. नळ मोठा म्हणून टाकी मोठी असते असं नाही. विजेच्या साठ्यातही हे दोन आकडे वेगळे असतात. इन्व्हर्टरवर ९०० व्हीए किंवा १०५० व्हीए लिहिलेलं असतं, तो नळ. एका वेळी किती वस्तू चालतील एवढंच तो सांगतो. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर साधारण सातशे वॅटपर्यंत भार पडला तर चालतं. किती वेळ चालेल ते बॅटरी ठरवते, ती टाकी. पॉवर स्टेशनवर हे दोन्ही आकडे असतात. वॅट म्हणजे नळ, वॅट-अवर म्हणजे टाकी. जाहिरातीत ठळक अक्षरात बहुतेक वेळा नळ छापतात.

आता टाकी मोजू. घरोघरी असते ती १५० एएचची, १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-अवर, कागदावर पावणेदोन युनिटपेक्षा थोडं जास्तच. पण ही शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, तिच्यातून वेगाने वीज काढली की ती कमी देते, आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज उष्णता होऊन जाते. हे सगळं वजा केलं की हातात सव्वा युनिटपेक्षा कमीच उरतं. बॅटरी थोडी जुनी झाली की १ युनिट धरावं.

पॉवर स्टेशनमधली लिथियम बॅटरी जवळपास पूर्ण वापरता येते. १,००० लिहिलेल्या पेटीतून २३० व्होल्टच्या सॉकेटवर साधारण ८५० वॅट-अवर मिळतात. म्हणजे आकाराने कितीतरी लहान असूनही ती त्या अवजड बॅटरीच्या जवळ पोहोचते. हे तिचं कौतुक खरं आहे.

वन्संच्या घरचा कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅटचा. ८५० भागिले ३५०, उत्तर जवळजवळ २ तास २५ मिनिटं. तेवढाच वेळ ती चालली. रात्रभर, म्हणजे आठ तास चालवायचं तर २,८०० वॅट-अवर हवेत. तसल्या तीन पेट्याही कमी पडल्या असत्या, आणि आपला नेहमीचा इन्व्हर्टरही तीन तासांत थकला असता. ज्या घरात असं मशीन आहे तिथे भरवसा सिलिंडरवरच ठेवावा. बी टाईपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितला असेल तर तो बारा तास पुरतो. इन्व्हर्टर किंवा पेटी ही फक्त लाईट गेल्यापासून सिलिंडर जोडेपर्यंतची सोय. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत दिवा, उदबत्ती काही लावू नये, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आपल्या घराला किती लागतं?

बहुतेक घरांत असं मशीन नसतं. माझ्याच घराचं उदाहरण घेते. लाईट गेल्यावर दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि मुलाच्या अभ्यासासाठी वायफाय एवढं चालायला हवं. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण होतं. त्यामुळे मिक्सर, चिमणी यांचा प्रश्न रात्री येत नाही. तुमच्याकडेही तसंच असेल तर स्वयंपाकघराचा भार हिशेबात धरूच नका. फ्रिजही धरू नका. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढतो. दार उघडलं नाही तर तो तीन-चार तास थंड राहतोच.

साधा पंखा ७५ वॅटचा. दोन पंखे १५०, दिवे ३६, वायफाय १२, म्हणजे अंदाजे २०० वॅट. इन्व्हर्टरवर हे पाच तास चालेल, पेटीवर चार तासांच्या थोडं वर. आमच्याकडे बहुतेक वेळा दोन-तीन तासांत लाईट येते, म्हणजे दोन्ही पुरतात.

आता एक गोष्ट सांगते जी दोन्हीकडचे दुकानदार सांगत नाहीत. पंखे बदला. बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास घेतो. दोन पंख्यांचे १५० वॅट ६० वर येतात आणि सगळा भार २०० वरून ११० च्या खाली येतो. त्याच बॅटरीवर पाचाऐवजी नऊ तास. सहा हजारांच्या आत दोन पंखे येतात, आणि लाईट असतानाही बिल वाचतं. मोठी बॅटरी घेण्याआधी हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दहा वर्षांचा खर्च

आमच्या गावात मी जे भाव विचारले त्यावरून सांगते, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील. साइन वेव्ह इन्व्हर्टर ७,०००, १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी १५,०००, ट्रॉली १,०००. एकूण २३,०००. बॅटरी नीट सांभाळली तर पाच वर्षं धरा. पाच वर्षांनी नवी घेताना जुनी परत देऊन साडेतीन हजार वजा होतात, कारण शिशाला भंगारात किंमत असते. म्हणजे ११,५००. दहा वर्षांचं डिस्टिल्ड वॉटर आणि किरकोळ दुरुस्ती २,५०० धरली तर दहा वर्षांचे ३७,००० रुपये.

पेटीचे ७०,०००, आणि तेही ती दहा वर्षं एकदाही न बिघडता चालली तर.

इथे विकणारा म्हणतो, "ताई, ही तीन हजार वेळा चार्ज होते, तुमची बॅटरी हजार वेळाही नाही." हे खोटं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची चांगली बॅटरी तीन हजार वेळा भरून-रिकामी केल्यावरही तिची ऐंशी टक्के ताकद शिल्लक असते. पण लाईट वर्षातून किती वेळा जाते ते मोजा. आमच्याकडे आठवड्याला एकदा देखभालीसाठी आणि पावसाळ्यात जरा जास्त, अशी वर्षाला ऐंशी वेळा धरू. तीन हजार भागिले ऐंशी म्हणजे सदतीस वर्षं! इतकी वर्षं त्यातलं सर्किट, पंखा, पडदा टिकणार नाहीत. म्हणजे आपण ज्या आयुष्याचे पैसे मोजतो त्यातलं तीन चतुर्थांश वापरणारच नाही. दुकानात शटर उघडल्यापासून रोज बॅटरीवर काम करणाऱ्याला, किंवा जिथे रोज चार-सहा तास लाईट नसते त्या घराला ती तीन हजारांची संख्या उपयोगी आहे. तिथे शिशाची बॅटरी रोज रिकामी होऊन लवकर थकते आणि हिशेब लिथियमकडे झुकतो.

दुरुस्तीचाही फरक आहे. इन्व्हर्टरचा बोर्ड जळला तर गावातला मेकॅनिक दुरुस्त करतो, बॅटरी गेली तर फक्त बॅटरी बदलतो. पेटीत सगळं एकाच कवचात बंद असतं. एक भाग गेला तर सगळी पेटी कंपनीकडे पाठवायची, आणि तोवर घर अंधारात. घ्यायचीच असेल तर तुमच्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे का आणि वॉरंटी बॅटरीलाही आहे का, हे लेखी घ्या. आतली बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटच आहे ना, तेही विचारा. स्वस्तातल्या काही पेट्यांत दुसऱ्या प्रकारची लिथियम असते, ती पाचशे ते आठशे वेळातच थकते.

सोलरची भुरळ

भिशीत सगळ्यांना आवडलं ते हे. "सोलरवर चार्ज होतं" म्हणजे फुकट, असं आपल्याला वाटतं.

पेटीबरोबर मिळणारं घडीचं पॅनेल २०० वॅटचं असलं तरी भर दुपारी थेट उन्हात, नीट कलतं ठेवलं तर १३० ते १५० वॅट देतं. रिकामी पेटी भरायला सात-आठ तास कडक ऊन हवं. ते दिवसभर कुणी फिरवत बसलं नाही तर दोन दिवस लागतात. बाल्कनीच्या काचेआड ठेवलं तर आणखी कमी. आणि आपल्याकडे लाईट सगळ्यात जास्त जाते ती पावसाळ्यात, जेव्हा ऊनच नसतं. भिंतीवरच्या सॉकेटवर तीच पेटी तास-दीड तासात भरते. दीड तासाची लाईट आली तरी पुढची रात्र निघते, हा तिचा खरा गुण आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीला भरायला दहा-बारा तास लागतात. दिवसातून तीन-तीन वेळा लाईट जाणाऱ्या गावात हा फरक फार मोठा.

स्वस्तात मिळतं म्हणून छतावरचं मोठं पॅनेल पेटीला जोडू नका. प्रत्येक पेटीची व्होल्टची मर्यादा ठरलेली असते, समजा ६०. छतावरच्या मोठ्या एका पॅनेलचं उघडं व्होल्टेज पन्नासच्या जवळ असतं. अशी दोन एकामागे एक जोडली की शंभराच्या घरात जातं आणि पेटीचा सोलरचा भाग जळतो. अशा बिघाडाला बहुधा वॉरंटी मिळत नाही. थंडीच्या सकाळी पॅनेलचं व्होल्टेज आणखी वाढतं, हेही लक्षात असू द्या.

इन्व्हर्टरलाही सोलर जोडता येतं. त्यासाठी सोलर चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टची दोन पॅनेल लागतात, पंधरा-वीस हजार जातात. पण विचार करा. बॅटरी लाईटवर आधीच भरलेली असते, भरलेल्या टाकीत आणखी पाणी कुठे मावणार? बिल वाचवायचं म्हणून बॅटरी रोज रिकामी करून उन्हावर भरली तर तिचं आयुष्य घटतं, आणि वाचलेले पैसे नव्या बॅटरीत जातात.

बिलासाठी सोलर करायचं तर छतावर मीटरला जोडलेलं करावं. त्याला सरकारी अनुदानही आहे. पण एक गैरसमज काढा. तसलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं, भर दुपारी बारा वाजताही. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छतावरून धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे छतावर तीन किलोवॅट असलं तरी लाईट गेल्यावर पंख्यासाठी इन्व्हर्टर लागतोच. बिलाची सोय वेगळी, अंधाराची सोय वेगळी.

मग कुणी काय घ्यावं?

स्वतःचं घर असेल, लाईट अधूनमधून दोन-चार तास जात असेल, तर माझं मत इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी. वायरमन ठरावीक पॉइंटची लाईन वेगळी काढून देतो, लाईट गेली तरी सासूबाईंना अंधारात उठून काही जोडावं लागत नाही. पेटीचं तसं नाही. तिला जी वस्तू जोडाल तीच चालते. छतावरचा पंखा तिला जोडायचा कसा? काही जण दोन्हीकडे पिना असलेली वायर करून पेटी थेट भिंतीच्या सॉकेटला लावतात. हे कधीही करू नका. उघड्या पिनेत २३० व्होल्ट असतात, आणि मेन स्विच चालू राहिला तर बाहेरच्या लाईनमध्ये वीज जाते. जीव जातो यात.

भाड्याचं घर, सारख्या बदल्या, शिकायला बाहेर राहणारी मुलगी, किंवा दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ जाणारी लाईट, अशांनी पेटी जरूर घ्यावी. टेबलफॅन, दिवा, लॅपटॉप, वायफाय तिच्यावर छान चालतं. फक्त वायफाय चालवायचं असेल तर तिचं २३० व्होल्टचं बटण बंद ठेवून खालच्या डीसी सॉकेटवर चालवा. ते बटण चालू असलं की काही न जोडताही ती स्वतःच दहा-पंधरा वॅट खाते. आणि वापर नसला तरी दर तीन महिन्यांनी बाहेर काढून चार्ज करा, माळ्यावर तापत ठेवू नका.

इन्व्हर्टर घेणारणींनी बॅटरी देवघराखालच्या कपाटात ठेवू नये. आपल्याकडे जागा वाचवायला हे सर्रास करतात. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, बंद कपाटात तो साठतो आणि वर समई तेवत असते. हवेशीर जागा पाहा. पाणी डिस्टिल्डच घाला, आरओचं चालत नाही, त्यात क्षार उरतात. पाण्याची दांडी दर दोन-तीन महिन्यांनी बघा. एकाच खान्याचं पाणी बाकीच्यांपेक्षा लवकर संपत असेल तर तो खाना जायला लागला आहे असं समजा.

दोन्हीसाठी एक परीक्षा सारखीच. दर तीन महिन्यांनी एका सुट्टीच्या दुपारी इन्व्हर्टरची मेन लाईन बंद करा, दोन पंखे आणि दिवे लावा, वेळ लिहून ठेवा आणि किती तास चालतं ते बघा. वहीत लिहा. पहिल्यांदा पाच तास आणि पुढे साडेतीन झाले तर पावसाळ्याआधी बॅटरी बदला. ही एक ओळ वन्संच्या वहीत असती तर त्या रात्री अडीचला कुणी घाबरून उठलं नसतं. आता त्या पेटी दर तीन महिन्यांनी तपासतात, आणि कॉन्सन्ट्रेटरजवळ दोन भरलेले सिलिंडर असतात. पेटी त्यांनी विकली नाही. तिच्यावर आता सासऱ्यांचा टेबलफॅन आणि एक दिवा चालतो, रात्रभर.

तुमच्या घरी लाईट गेल्यावर काय काय चालायला हवं, त्याची यादी वॅटसकट एका कागदावर करा. मग दुकानात जा. कागद हातात असला की दुकानदार नळाचा आकडा दाखवून टाकीचे पैसे घेऊ शकत नाही.